ग्रुपवर ‘रक्त पाहिजे’ असा मेसेज आला तर: रिप्लाय कुठे, @ कोणाला आणि पर्सनलवर काय?

मी कॉलेजच्या एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. त्यात निम्मी पोरं अमरावतीची आणि निम्मी अकोल्याची. परीक्षेचे फॉर्म, नोट्स, वाढदिवस सगळं तिथेच चालतं आणि अधूनमधून कोणाचा तरी ‘रक्त पाहिजे’ असा मेसेजही येतो. रिप्लाय, मेन्शन आणि पर्सनल चॅट या तीन गोष्टी कधी वापरायच्या हे अशा वेळी सगळ्यात चांगलं कळतं, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

समजा, सकाळी 10 वाजता मेसेज आला:

“आज दुपारी 2 पर्यंत बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, 1 पिशवी. सर्वोपचार रुग्णालय, अकोला.”

पुढच्या अर्ध्या तासात खाली “कुठी?”, “हाव, पाहतो”, “फॉर्म भरायची आज शेवटची तारीख आहे का?” असे मेसेज पडतात. मग कोणीतरी विचारतं, “झालं का?” आणि त्याखाली “हो, झालं” असं उत्तर येतं. हे उत्तर फॉर्मबद्दल होतं, पण वाचणाऱ्याला वाटतं रक्त मिळालं. जो निघायच्या तयारीत होता, तो गाडी परत स्टँडवर लावतो.

1. रिप्लाय: बोलणं कशाबद्दल आहे हे कळावं म्हणून

मेसेज उजवीकडे सरकवला की तो लिहायच्या जागेच्या वर चौकटीत दिसतो. आता जे लिहाल ते त्या मेसेजला जोडून जातं. वाचणाऱ्याने चौकटीवर बोट ठेवलं की तो थेट मूळ मेसेजवर पोहोचतो. दुपारी 1 वाजता ग्रुप उघडणाऱ्याला ऐंशी मेसेज वर सरकवत बसावं लागत नाही.

अशा वेळी रिप्लाय नेहमी मूळ मेसेजला द्या, मधल्या “पाहतो”ला नाही. आणि एकट्याने वाचला तरी अर्थ लागेल असा लिहा. “येतो” यापेक्षा “मी बी निगेटिव्ह, अकोल्यातच आहे, 11 पर्यंत पोहोचून राहिलो” हे कामाचं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्याच्या मेसेजला रिप्लाय देता, त्याच्या फोनवर साधारणपणे नोटिफिकेशन जातं, ग्रुप म्यूट असला तरी. म्हणजे तीस जणांनी “काळजी नको करू भाऊ” असा रिप्लाय दिला, तर दवाखान्यात धावपळ करणाऱ्या त्या पोराचा फोन तीस वेळा वाजतो. प्रत्येक वेळी त्याला वाटतं, रक्त देणारा सापडला. देण्यासारखं काही नसेल तर रिप्लाय देऊ नका.

2. मेन्शन: ज्याने उठून जायचं आहे त्याला

@ टाइप केलं की ग्रुपमधल्या लोकांची यादी येते. नाव त्या यादीतूनच निवडायचं. निवडलेलं नाव वेगळ्या रंगात दिसतं. हाताने नुसतं नाव टाइप केलं तर ते साधं अक्षर राहतं आणि समोरच्याला काही कळत नाही. नीट मेन्शन केलं तर ग्रुप म्यूट असलेल्यालाही नोटिफिकेशन जातं.

पण कोणाला मेन्शन करायचं? आपल्या उदाहरणात दोन चाळण्या आहेत. पहिली रक्तगटाची. दुसरी अंतराची: अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर आहे, त्यामुळे 2 ची वेळ गाठायची तर आधी अकोल्यातल्याच पोरांना विचारायचं. शिवाय पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये किमान 90 दिवस आणि स्त्रियांना 120 दिवस जावे लागतात. मागच्या महिन्यात दिलेल्याला हाक मारून उपयोग नाही. एवढं गाळल्यावर दोन-तीन नावं उरतात. तेवढ्यांनाच मेन्शन करा, तेही मूळ मेसेजला रिप्लाय देऊन. पंधरा जणांना एकदम मेन्शन केलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल.

मेन्शन विसरलं म्हणून पाठवलेला मेसेज एडिट करून @ घालू नका. एडिट केल्यावर नवं नोटिफिकेशन जात नाही. दुसरा मेसेज पाठवा.

त्याने वाचलं की नाही हे कसं कळेल? तुमचा मेसेज दाबून धरा आणि `Info` उघडा. तिथे कोणी वाचला आणि कोणापर्यंत नुसता पोहोचला, याची वेगळी यादी असते. पंधरा मिनिटांनीही तो वाचलेल्यांत नसेल तर सरळ फोन लावा.

3. पर्सनल: जे चारशे जणांनी वाचायचं नाही

रुग्णाचं नाव, आजार, वॉर्ड आणि नातेवाइकाचा नंबर यांचा ग्रुपला उपयोग नाही. ते फक्त रक्त द्यायला निघालेल्याला लागतं. तसंच देणाऱ्याच्या अडचणीचं. वजन 45 किलोपेक्षा कमी आहे, औषधं चालू आहेत, नुकताच ताप येऊन गेला, हे कोणालाही सगळ्यांसमोर सांगावं लागू नये. “तू काहून नाही जात बे?” हा प्रश्न ग्रुपवर विचारला की पोरगं एकतर गप्प बसतं, नाहीतर लाजेखातर जातं आणि रक्तपेढीत तपासणीनंतर परत येतं. तोवर तासभर वाया गेलेला असतो.

यासाठी अँड्रॉइडवर समोरच्याचा मेसेज दाबून धरा, वरच्या तीन टिंबांवर जा आणि `Reply privately` निवडा. त्याच्याशी तुमचं वेगळं चॅट उघडतं आणि त्याचा ग्रुपमधला मेसेज चौकटीत दिसतो, म्हणून “कोणत्या रक्ताबद्दल?” हा प्रश्नच येत नाही. ग्रुपमधल्या बाकीच्यांना हे दिसत नाही. पाठवण्याआधी सगळ्यात वर नाव त्या माणसाचं आहे की ग्रुपचं, एवढं एकदा पाहा.

नंबर चुकून ग्रुपवर पडलाच तर `Delete for everyone` करता येतं, पण त्यालाही साधारण अडीच दिवसांची मुदत आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे तोवर कोणी त्या मेसेजला रिप्लाय दिला असेल, तर मूळ मेसेज गेला तरी रिप्लायच्या चौकटीतला मजकूर तसाच राहतो. कोणी फॉरवर्ड केला असेल तर तो आपल्या हातातच नाही. अशा वेळी रिप्लाय देणाऱ्यालाही त्याचा मेसेज डिलीट करायला सांगा, किंवा ॲडमिनला सांगा. ॲडमिनला दुसऱ्यांचे मेसेजही काढता येतात.

4. शेवटचा मेसेज पुन्हा ग्रुपवर

बरेच जण इथे थांबतात. पर्सनलवर सगळं ठरतं, रक्त मिळतं आणि ग्रुपवर मूळ मेसेज तसाच उघडा राहतो. मग संध्याकाळी एखादा अमरावतीहून निघायच्या बेतात असतो, किंवा कोणी तोच मेसेज चार दिवसांनी दुसऱ्या ग्रुपवर टाकतं. त्यात “आज” लिहिलेलं असतं, तारीख नसते. त्यामुळे वाचणाऱ्याला तो आजचाच वाटतो.

म्हणून ज्याने रक्त मागितलं त्याने आपल्याच मूळ मेसेजला रिप्लाय द्यायचा:

“बी निगेटिव्ह, अकोला: 12.40 ला मिळालं. आता कोणी येऊ नका, फॉरवर्ड करू नका.”

देणाऱ्याचं नाव त्यात टाकायचं की नाही, हे त्याला पर्सनलवर विचारून ठरवा. आणि पहिला मेसेज लिहितानाच “आज”च्या जागी पूर्ण तारीख टाका.