प्रस्तावना : दुसऱ्याच्या हातातली वाट

टेंभी नाक्यावरून ठाणे स्टेशनकडे रोज चालत जाणाऱ्यांपैकी मी एक. फलाट आणि डबा यांच्यातली फट मला अजून निर्धास्तपणे ओलांडता येत नाही, म्हणून या विषयाची सुरुवातही तिथूनच करतो.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला लोकल पकडताना एक कॉलेजात शिकणारी मुलगी त्या फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये तिला चेन्नईच्या एका मेंदूमृत दात्याचे हात जोडण्यात आले. रक्तवाहिन्या जोडल्या की हातात रक्त लगेच खेळू लागतं. मज्जातंतू जोडले तरी संवेदना मात्र लगेच येत नाही. असं का?

मज्जातंतू म्हणजे हजारो अक्षतंतूंची जुडी. प्रत्येक अक्षतंतू ही मज्जारज्जूत किंवा त्याच्या शेजारी असलेल्या एका पेशीची लांबच लांब शेपटी. ती कापली की पेशीपासून तुटलेला भाग मरतो. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापून हे दाखवलं. म्हणजे दात्याच्या हातातले सगळे अक्षतंतू नष्टच होणार होते. मग ते मज्जातंतू जोडायचे कशासाठी?

त्यांच्या वेष्टनासाठी. अक्षतंतू मेला तरी त्याच्याभोवतीच्या श्वान पेशी जगतात. त्या आपलंच मेदाचं आवरण मोडतात, भक्षक पेशींना बोलावून काही आठवड्यांत मलबा उपसतात आणि मोकळ्या झालेल्या नळीत रांगेने उभ्या राहून वाढीला पोषक द्रव्यं स्रवतात. त्या नळीतून रुग्णाचा स्वतःचा अक्षतंतू पुढे सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. जोड बोटांच्या टोकापासून तीस सेंटिमीटरवर असेल, तर नुसत्या वाटचालीलाच दहा महिने लागतात. तंतू कुठवर पोचला हे कळायला डॉक्टर मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने टिचक्या मारत जातात. वाढत्या टोकावर टिचकी पडली की मुंग्या येतात. हे मुंग्यांचं ठिकाण महिनोन्महिने जागचं हललं नाही, तर वाढ अडली असं समजावं. उशीर मात्र परवडत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष तंतूविना राहिलेला स्नायू पुढे तंतू पोचूनही नीट साथ देत नाही. शिवाय कितीतरी तंतू चुकीच्या नळीत शिरतात, त्यामुळे स्पर्श एका बोटाला झाला तरी तो दुसऱ्याच बोटात जाणवतो.

मज्जारज्जूत मात्र श्वान पेशी नाहीत. तिथलं आवरण ज्या पेशी घडवतात, त्या मलबा उपसत नाहीत. तो महिनोन्महिने पडून राहतो, त्यातले काही रेणू वाढत्या टोकाला मागे रेटतात आणि जखमेभोवती व्रण धरतो. मग दोष तंतूचा की जागेचा? सॅम्युअल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला. न वाढणारे म्हणून ठरवलेले तंतू त्या पुलावरून काही सेंटिमीटर वाढले. पुलापलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरताच थोड्याच अंतरावर ते थांबले. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होतं.