चेतक, दहा वर्षांची रांग आणि एक चुकलेला आलेख

मागच्या आठवड्यात ऑफिसात एका मीटिंगमध्ये कोणीतरी फळ्यावर ती प्रसिद्ध घंटेच्या आकाराची रेघ काढली आणि म्हणालं, "आपलं प्रॉडक्ट सध्या इथे आहे." बोट वाढीच्या चढावर होतं. का, तर म्हणे ऑर्डर्स पेंडिंग आहेत. मला एकदम आजोबांच्या चेतकची आठवण झाली. त्यांनी स्कूटर बुक केली तेव्हा बाबा शाळेत होते आणि ती घरी आली तेव्हा कॉलेजात. पेंडिंग ऑर्डर्सच बघायच्या तर चेतकसारखं चढावर कोणीच नव्हतं :)

प्रॉडक्ट लाइफ सायकल ही कल्पना गाजवली हार्वर्डच्या थिओडोर लेव्हिट यांनी, 1965 च्या एका लेखात. पदार्पण, वाढ, परिपक्वता आणि उतार अशा चार अवस्था. पुस्तकी सल्ला साधारण असा. पदार्पणात लोकांना वस्तू म्हणजे काय हेच समजावून सांगा, मोजक्याच दुकानांत ठेवा, आणि किंमत एकतर चढी ठेवून वरची साय काढा किंवा खाली ठेवून बाजार पटकन व्यापा. वाढीत दुकानं वाढवा आणि 'स्कूटर घ्या' ऐवजी 'आमचीच घ्या' म्हणा. परिपक्वतेत आहे तो ग्राहक टिकवा, हप्ते-सवलती द्या. उतारात जाहिरात आटपा, न चालणारी दुकानं सोडा, उरेल तेवढा नफा काढा.

आता हे चेतकला लावून बघू.

बजाजने 1960 पासून इटलीच्या पियाजिओशी करार करून स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली, आकुर्डीच्या कारखान्यातून. दणकट पत्रा, दोन-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी लायसन्स ठरवायचं. विक्रीवर 1960 चा नियंत्रण आदेश होता. डीलरने बुकिंगच्या क्रमानेच गाडी द्यायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळे, त्यामुळे परदेशात कोणी नातेवाईक असणं हा मोठाच आधार होता. बाकीच्यांसाठी रांग दहा-दहा वर्षांपर्यंत जाई.

म्हणजे जाहिरात, किंमत आणि वितरण ही तिन्ही हत्यारं म्यानातच. जाहिरातीची गरज नाही. वितरण म्हणजे बुकिंगची वही. आणि किंमत? ती दोन होती: एक शोरूमची आणि दुसरी बाहेरची. नवी कोरी चेतक दारातून बाहेर काढून लगेच विकली तरी वर पैसे मिळायचे. अर्थशास्त्राच्या भाषेत, साय निघत होतीच, फक्त ती कंपनीच्या नव्हे तर नंबर लागलेल्या माणसाच्या वाटीत पडत होती.

इथेच गोम आहे. विक्रीचा आलेख चढत होता, पण तो मागणीचा नव्हताच. तो कारखान्याच्या क्षमतेचा आलेख होता. (आपल्या भाषेत, मोजलं थ्रूपुट आणि समजलं लोड.) मागणी कधीच वर जाऊन सपाट झाली असती तरी साचलेली रांग संपेपर्यंत विक्रीच्या आकड्यांत ते दिसलं नसतं. अशा वेळी पाहायचं ते विक्रीकडे नव्हे. नवीन बुकिंग दर महिन्याला किती येतंय, नंबर लागल्यावर किती लोक गाडी घेत नाहीत, आणि बाहेरचा वरचा भाव किती उरलाय, हे बघायचं. वरचा भाव उतरायला लागला की समजावं, बाजार भरत आला.

1980 च्या दशकात पुरवठा सुटला. 1985 मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा दुसरा कारखाना उभा राहिला. एलएमएल व्हेस्पा आली, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली. आणि मग 1989 मध्ये 'हमारा बजाज'. ती जाहिरात आठवून बघा, तिच्यात स्कूटरचा एकही गुण सांगितलेला नाही. नुसती माणसं, घरं आणि आपलेपणा. हे परिपक्व अवस्थेतल्या मालाचं काम आहे: वस्तू सगळ्यांना माहीत आहे, आता नातं जपायचं. जोडीला 1987 मध्ये बजाज ऑटो फायनान्स निघाली होती. हप्ता म्हणजे पाटीवरची किंमत न पाडता किंमत कमी करणं. रांगेच्या काळात जो डीलर वही सांभाळायचा, त्याला आता खरोखर गाडी विकायची होती. मला विचाराल तर या टप्प्यावर कंपनीने पुस्तकाबरहुकूम आणि फार चांगलं काम केलं.

पण 1985 मध्येच हिरो होंडाची सीडी 100 आली होती, चार-स्ट्रोकची. हिशोब करून बघा. रोज 30 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 750 किलोमीटर. स्कूटरचं ॲव्हरेज 40 धरलं तर जवळजवळ 19 लिटर. मोटरसायकलचं 80 धरलं तर साडेनऊ. महिन्याला साडेनऊ लिटरचा फरक. लिटरला 30 रुपये धरले तरी पाच वर्षांत सतरा हजार होतात. स्कूटर विकत घ्यायला बरीच स्वस्त होती, पण तो स्वस्तपणा पेट्रोल पंपावर संपत होता. अशा वेळी किंमत हजार-दोन हजारांनी उतरवून काही होत नाही. 1998 मध्ये बजाजने चार-स्ट्रोकची लिजेंड स्कूटर काढली, पण ग्राहक तोवर मोटरसायकलकडे वळला होता. 2001 मध्ये पल्सर आली आणि कंपनीही तिकडेच वळली. 2006 पर्यंत चेतक बंद झाली आणि 2009 च्या डिसेंबरमध्ये कंपनीने स्कूटर अजिबात न बनवण्याचं जाहीर केलं. राहुल बजाज यांनी हा निर्णय आवडला नसल्याचं उघड बोलून दाखवलं होतं.

उतारात पैसा आटवून दुसरीकडे लावा, हा पुस्तकी सल्ला इथे तंतोतंत पाळला गेला. तोट्यातही गेला नाही, पल्सर जोरात चालली. तरीही एक गोष्ट खटकते. त्याच 2001 मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली होती आणि पुढे ती देशातली सर्वाधिक खपाची दुचाकी झाली. मेली ती गिअरची, दोन-स्ट्रोकची स्कूटर. 'स्कूटर' हा प्रकार मेला नव्हता. ढल्ला आणि युस्पे या दोघांनी 1976 मध्येच लेव्हिटच्या कल्पनेवर हल्ला चढवताना हाच धोका दाखवला होता: उतार आला असं मानून तुम्ही खर्च तोडता, आणि खर्च तोडल्यामुळे उतार येतो. आलेख कशाचा काढताय, मॉडेलचा, तंत्राचा की सबंध प्रकाराचा, हे आधी ठरवलं नाही तर सल्ला चुकीच्या गोष्टीला लागू होतो.

चेतकची गंमत अशी की ती परत आली. ऑक्टोबर 2019 मध्ये विजेवरची चेतक दाखवली गेली आणि जानेवारी 2020 मध्ये फक्त पुणे आणि बंगळुरूत, मोजक्या शोरूममधून, एक लाखाच्या किमतीला विक्रीला आली. अगदी पुस्तकातलं पदार्पण. मधे कोरोनामुळे बुकिंग थांबलं. एप्रिल 2021 मध्ये पुन्हा सुरू केलं आणि 48 तासांत बंद करावं लागलं, कारण मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली.

बाबांना ही बातमी दाखवली, तर ते एवढंच म्हणाले, "मग नंबर लावलास का?"