चाल तीच, नाडी मात्र वाढलेली: उन्हात पाणी कधी प्यायचं, हे ठोके मोजून कसं ओळखावं?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हे आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ती सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांची संख्या. कुणाला शुगर आहे, कुणाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, तर कुणाचं नाव हजच्या यादीत लागलंय म्हणून पायांना सवय करायची आहे. सध्या हजचे दिवस मे-जूनमध्ये येत आहेत. त्यामुळे हा सराव नेमका आपल्याकडच्या भर उन्हाळ्यात होतो. अशा चालणाऱ्यांपैकी बरेच जण सांगतात, "तहान लागली नव्हती, पण घरी आलो आणि डोकं जड झालं." तहान लागण्याच्या आधी इशारा देणारी एक गोष्ट आपल्या मनगटातच असते. तिच्याबद्दल आम्ही इथे लिहीत आहोत.

गोष्ट साधी आहे. आपण रोज ज्या वेगाने चालतो त्या वेगाला आपली नाडी साधारण ठरलेली असते. थंड सकाळी ती मिनिटाला समजा १०५ असेल, तर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, कडक उन्हात ती १२० किंवा १२५ होते. पाय तेवढंच काम करत असतात, हृदयाला मात्र जास्त धावावं लागतं.

असं का होतं?

हृदय एका ठोक्यात काही ठरावीक रक्त पुढे ढकलतं. हिशेब सोपा जावा म्हणून धरून चालू की ते १०० मिलिलिटर आहे. मिनिटाला १०० ठोके पडले तर १० लिटर रक्त फिरलं, आणि चालायला तेवढं पुरतं. आता ऊन वाढलं. अंग थंड ठेवण्यासाठी बरंचसं रक्त कातडीकडे वळतं. त्याच वेळी घामातून पाणी जातं, आणि घामाचं पाणी शेवटी रक्तातल्या पातळ भागातूनही कमी होतं. हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं, म्हणून ते प्रत्येक ठोक्याला कमी भरतं. एका ठोक्याला ८५ मिलिलिटरच निघायला लागलं, तर तेच १० लिटर फिरवायला मिनिटाला जवळपास ११८ ठोके लागतात. वाढलेले १८ ठोके म्हणजे कमी भरणाऱ्या हृदयाने केलेली भरपाई.

यात दोन कारणं मिसळलेली आहेत, उष्णता आणि पाण्याची कमी. ती वेगळी ओळखता आली नाहीत तर माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो. नुसत्या पाण्याच्या कमतरतेचा वाटा फार मोठा नसतो. शरीराच्या वजनाच्या एक टक्का पाणी गेलं तर काम करताना नाडी साधारण तीन-चार ठोक्यांनी वाढते, असं अभ्यासांतून दिसतं. ७० किलोच्या माणसासाठी एक टक्का म्हणजे ७०० मिलिलिटर. बाकीची वाढ उन्हाची आणि अंग तापल्याची असते. पण पाणी कमी झालं की अंग जास्त तापतं, आणि अंग तापलं की नाडी आणखी वाढते. म्हणून वेळेवर पाणी प्यायल्याने दोन्हीकडून फरक पडतो.

हे जुनं ज्ञान आहे. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या फटीग लॅबोरेटरीतल्या पिट्स, जॉन्सन आणि कॉन्सोलाझिओ या तिघांनी १९४४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी माणसांना सुमारे ३८ अंशांच्या गरम खोलीत एकाच वेगाने तासन् तास चालवलं. काही वेळा पाणी दिलंच नाही, काही वेळा तहान लागेल तेवढंच पिऊ दिलं, आणि काही वेळा जेवढा घाम गेला तेवढं पाणी थोडं थोडं करून पाजलं. पाणी न मिळालेल्यांचं तापमान आणि नाडी चढतच राहिली. घामाएवढं पाणी मिळालेले सगळ्यात बरे राहिले. तहानेवर पिणारे मधेच अडकले, कारण तहान भागली तरी घाम भरून निघालेला नव्हता.

सोलापूरची हवा इथे आणखी फसवते. मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, सदरा चिकटतो, म्हणजे निदान कळतं तरी. आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. माणूस म्हणतो, मला तर घामच आला नाही. घरी गेल्यावर काळ्या बुरख्यावर किंवा गडद सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेव्हा खरं काय ते समजतं.

एक उदाहरण घेऊ

समजा आमचे एक मामू आहेत. वय ५२, वजन ७२ किलो, बीपी-शुगर नाही. होम मैदानाभोवती ते सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरच्या बेताने, म्हणजे बारा मिनिटांना एक किलोमीटर, असे तासभर चालतात. फजरनंतर गारव्यात चालताना त्यांची नाडी २० व्या मिनिटाला १०४, ४० व्या मिनिटाला १०६ आणि तासाला १०८ भरते. जवळपास स्थिर. ही त्यांची घरची पट्टी.

एके दिवशी ते कामामुळे साडेनऊला निघाले. पाणी न पिता तेवढंच चालले. २० व्या मिनिटाला ११२, ४० व्याला १२०, तासाला १२८. घरी आल्यावर घाम पुसून वजन केलं तर ७१.२ किलो. म्हणजे ८०० मिलिलिटर पाणी गेलं, वजनाच्या एक टक्क्याहून थोडं जास्त.

पहिल्या २० मिनिटांत पाणी फारसं गेलेलंच नव्हतं. म्हणून १०४ चे ११२ झाले ते मुख्यतः उन्हामुळे. पुढे ११२ वरून १२८ पर्यंत जी चढण लागली, तिच्यात अंग तापत गेल्याचा आणि पाणी कमी होत गेल्याचा, दोन्हींचा हात आहे. पाण्याचा इशारा शोधायचा तो या चढणीत. पहिला आकडा त्या दिवसाच्या उन्हाबद्दल सांगतो.

दोन दिवसांनी त्याच वेळी, तसंच ऊन असताना, मामूंनी निघताना, २० व्या आणि ४० व्या मिनिटाला प्रत्येकी एक ग्लास, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी घेतलं. नाडी भरली ११२, ११८ आणि १२३. वजन ७१.८. शेवटच्या आकड्यात फरक पाच ठोक्यांचा. ऐकायला थोडा वाटतो, पण पाण्याकडून अपेक्षा एवढीच करता येते. ज्यांना वाटतं की पाणी प्यायलं की नाडी लगेच १०८ वर येईल, त्यांची निराशा होते. प्यालेलं पाणी पोटातून रक्तात पोहोचायलाही पंधरा-वीस मिनिटं जातात.

मोजायचं कसं

थांबल्याबरोबर नाडी भराभर उतरते, म्हणून थांबताक्षणी मोजायला सुरुवात करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. इथे एक ठोका चुकला की उत्तरात चारचा फरक पडतो. म्हणून पाच-सात ठोक्यांची वाढ एका दिवसावरून मनावर घेऊ नका. तीन-चार दिवसांचे आकडे वहीत लिहा, मग आपली पट्टी दिसायला लागते. मोजण्याची जागा दर वेळी तीच हवी, सपाट हवी. चढ, जिना किंवा हातातली पिशवी यांनी नाडी उगाच वाढते.

स्मार्टवॉच असेल तर सोय आहे, पण एक गंमत लक्षात ठेवा. घामाने ओलं आणि सैल बांधलेलं घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. आपण मिनिटाला ११० च्या आसपास पावलं टाकतो, आणि चालतानाची नाडीही तिथेच कुठेतरी असते. घड्याळाचा आकडा बराच वेळ एकाच जागी अडकला असेल तर हाताने मोजून खात्री करा.

आम्ही स्वतः वापरतो तो ठोकताळा असा: चालायला लागून १५-२० मिनिटांनी जी नाडी आहे, तिच्यापेक्षा त्याच वेगाला १० ठोके वाढले, की एक ग्लास पाणी प्यायचं आणि सावलीत थोडं थांबायचं. २० वाढले तर त्या दिवशीचं चालणं संपलं. हा डॉक्टरी नियम नाही, आमची सोय आहे. बरोबर निघालं का, हे वजनकाटा सांगतो. चालून आल्यावर वजन अर्ध्या-पाऊण किलोपेक्षा जास्त उतरलं असेल तर पाणी कमी पडलं. वजन वाढलं असेल तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि तेही चांगलं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाभराच्या चालण्याला साधं पाणी पुरतं. दोन-तीन तास उन्हात काढायचे असतील तर ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालून ठेवा. अर्ध्या ग्लासात पाकीट ओतणारे आम्ही पाहिलेत, तसं करू नका.

नाडी कुणाला फसवते

बीपी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते. पाणी कमी झालं तरी आकडा शांत दिसतो. ठोके अनियमित असतील किंवा पेसमेकर असेल तरी ही पद्धत वापरू नका. ताप, रक्त कमी असणं, रात्रीची अपुरी झोप, निघण्याआधीची कडक चहा-कॉफी यांनीही नाडी वाढते. एसीत राहणारा माणूस उन्हात चालू लागला की पहिला आठवडाभर नाडी जास्त भरते आणि अंगाला सवय झाली की आठ-पंधरा दिवसांत उतरते. तेव्हा मार्चची पट्टी मेमध्ये तशीच लावू नका. ज्यांना किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी आमच्या ग्लासांचा हिशेब बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारावं. घरातल्या बुजुर्गांना तहानेची जाणीवच कमी होते, त्यांना पाणी विचारू नका, हातात द्या.

रोजा असेल तर हाच इशारा वेगळ्या कामाला येतो. पाणी घेता येत नाही, म्हणून नाडी चढली की वेग कमी करायचा आणि सावली गाठायची. खरं तर त्या महिन्यात लांब चालणं इफ्तारनंतरच ठेवावं. जीवावर बेतलं तर रोजा सोडण्याची सवलत शरियतने दिलेली आहे.

हजला जाणाऱ्यांसाठी थोडं जास्त. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरहून अधिक होतात, त्याशिवाय तवाफ आणि मिना-अराफातचं चालणं. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० च्या पुढे गेला होता आणि सौदी सरकारने १३०१ मृत्यू जाहीर केले होते. त्यातले बहुतेक परवान्याविना आलेले, लांबपर्यंत उन्हात चाललेले होते. तिथे गर्दीत थांबून नाडी मोजणं जमत नाही. म्हणून इथेच, निघण्याआधी दोन-तीन आठवडे, आपल्या चालीला किती घाम जातो हे वजनाने काढून ठेवा. तासाला ८०० मिलिलिटर जात असेल तर छत्रीबरोबर किती बाटल्या लागतील ते आपोआप ठरतं.

शेवटी, नाडी मोजत बसायची वेळ कोणती नाही तेही सांगतो. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, लडखडला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात असू शकतो. घाम चालू असला तरीही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला, १०८ ला फोन लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.