मुंबईकर ताशी १५८३ किलोमीटर वेगाने कसे फिरतात?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. परंतु त्या फिरण्यामुळे आपण स्वतः किती वेगाने पूर्वेकडे ओढले जात आहोत, याचा हिशेब सहसा कोणी करत नाही. हा वेग सर्व ठिकाणी सारखा नसतो. तो विषुववृत्तावर सर्वाधिक असतो आणि ध्रुवावर शून्य होतो. मधल्या कोणत्याही गावाचा वेग त्या गावाच्या अक्षांशावरून काढता येतो आणि त्यासाठी त्रिकोणमितीतील कोसाइन एवढे एकच साधन पुरते.

प्रथम विषुववृत्ताचा वेग पाहू. तेथील परिघ ४०,०७५ किलोमीटर आहे. त्याला २४ तासांनी भागण्याचा मोह होतो. पण २४ तास हा सूर्याच्या संदर्भातील दिवस झाला. पृथ्वी सूर्याभोवतीही सरकत असल्याने वर्षाच्या ३६५ दिवसांत तिची स्वतःभोवती एक फेरी जास्त होते. ताऱ्यांच्या संदर्भात तिची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. या काळाने भागले, की ताशी १६७४ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला ४६५ मीटर, हा वेग मिळतो. २४ तास धरल्यास उत्तर १६७० येते. फरक लहान असला, तरी चूक ती चूकच.

आता मुंबईचा विचार करू. मुंबई दिवसभरात जे वर्तुळ पूर्ण करते, त्याचे केंद्र पृथ्वीच्या मध्यबिंदूत नसून त्याच्या उत्तरेस, पृथ्वीच्या अक्षावर असते. मुंबईपासून पृथ्वीच्या मध्यबिंदूपर्यंतची रेषा हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण मानावा. ही रेषा विषुववृत्ताच्या प्रतलाशी करते तो कोन म्हणजे मुंबईचा अक्षांश. या कोनालगतची बाजू आणि मुंबईचे अक्षापासूनचे अंतर सारखेच असते. लगतची बाजू म्हणजे कर्ण गुणिले कोसाइन. म्हणून वर्तुळ त्याच प्रमाणात लहान होते. फेरीचा वेळ मात्र तोच राहतो, त्यामुळे वेगही त्याच प्रमाणात घटतो.

वेग = १६७४ × कोसाइन (अक्षांश)

मुंबईचा अक्षांश १८ अंश ५८ मिनिटे आहे. येथे पहिला खड्डा लागतो. ५८ मिनिटे म्हणजे दशांशात ०.५८ नव्हे, ५८ ला ६० ने भागून ०.९७ येते. १८.९७ अंशांचा कोसाइन ०.९४५७. त्याने १६७४ ला गुणले असता ताशी १५८३ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४० मीटर, हे उत्तर मिळते.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असेल, तर मुंबईसाठी १६६२ हे उत्तर येते आणि ते खरेही वाटते! दिल्लीचा २८.६ हा आकडा त्याच अवस्थेत घातला, तर मात्र उत्तर ऋण येते आणि बिंग फुटते. म्हणून आधी ६० चा कोसाइन काढून पाहावा. तो नेमका ०.५ आला पाहिजे. ६० अंशांवर वेग निम्मा होतो, असाही याचा अर्थ आहे. रशियातील सेंट पीटर्सबर्ग जवळजवळ याच अक्षांशावर आहे. निम्मा वेग ४५ अंशांवर असेल, हा अनेकांचा अंदाज असतो. तो चुकीचा आहे.

कारण कोसाइन आरंभी फार संथ उतरतो. अवकाशयानांच्या उड्डाणात हे स्पष्ट दिसते. श्रीहरिकोटा १३.७ अंशांवर आहे. पूर्वेकडे झेपावणाऱ्या रॉकेटला तेथे सेकंदाला ४५२ मीटरचा वेग आयताच मिळतो. विषुववृत्ताच्या तुलनेत नुकसान केवळ १३ मीटरचे. कझाकस्तानातील बैकोनूर ४६ अंशांवर असल्याने तेथे हाच लाभ ३२३ मीटरवर येतो. पृथ्वीजवळच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, हे लक्षात घेता ही मदत निर्णायक नसली, तरी दुर्लक्षणीयही नाही.

मात्र ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहांना हा वेग उपयोगी पडत नाही. तमिळनाडूतील कुलशेखरपट्टणम येथे २०२४ मध्ये पायाभरणी झालेले नवे उड्डाणस्थळ विषुववृत्ताच्या अधिक जवळ असल्याने निवडले गेले, असा समज आढळतो. खरे कारण वेगळे आहे. श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे जाताना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो आणि त्यात इंधन खर्ची पडते. नव्या स्थळावरून दक्षिणेकडे सरळ समुद्र आहे.

या सूत्रात पृथ्वी पूर्ण गोल मानली आहे. प्रत्यक्षात ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. ती दुरुस्ती केल्यास मुंबईच्या उत्तरात ताशी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास भर पडते.