बोथट शिंगं, टोकदार शिंगं

21 जून 2020 च्या दुपारी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक फोटो टाकला. काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी गोळा आणि त्याचा एका बाजूने खाल्लेला तुकडा. खाली ओळ होती : ‘आजचं सूर्यग्रहण, चोरखमारा तलावावरून.’ नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेलं चोरखमारा आमच्या गोंदिया जिल्ह्यातलं, त्यामुळे सगळ्यांना अभिमान वाटला. मला मात्र त्या खाल्लेल्या तुकड्याची कड खटकत होती. ती फार सपाट होती. मी तसं लिहिलं, तर काकांचं उत्तर आलं, “काहून? सूर्य नाही तर काय आहे तो?”

प्रश्न रास्त होता. फिल्टरमधून काढलेला सूर्य नारिंगी दिसतो आणि ग्रहणातला चंद्रही तांबूस दिसतो. रंगावरून निवाडा होत नाही. तो आकारावरून होतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे.

वराहमिहिराने बृहत्संहितेत आणि पुढे भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्यायात एक निरीक्षण नोंदवलं आहे. चंद्र अर्धा झाकला जातो तेव्हा उरलेल्या भागाची शिंगं बोथट दिसतात आणि सूर्य अर्धा झाकला जातो तेव्हा ती टोकदार दिसतात. शिवाय चंद्रग्रहण बराच वेळ चालतं, सूर्यग्रहण लवकर आटपतं. भास्कराचार्यांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा : दोन्ही ग्रहणांत झाकणारी वस्तू एकच नाही. चंद्राला झाकणारी वस्तू त्याच्यापेक्षा बरीच मोठी आहे. ती म्हणजे पृथ्वीची सावली. मग दोन्ही ठिकाणी एकच राहू कसा असेल? अर्थात पुढे त्यांनी श्रुतिस्मृतींशी जुळवून घेत, राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो, असंही म्हटलं आहे. पण शिंगांचा युक्तिवाद आपल्या जागी भक्कम राहतो.

ही सावली चंद्राच्या किती पट मोठी, हे सोप्या हिशेबाने काढता येतं. आकाशात सूर्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे कोणत्याही गोलाची गडद सावली लांब जाताना त्याच प्रमाणात निमुळती होत जाते. चंद्रही आपल्याला अर्ध्या अंशाचाच दिसतो. म्हणून पृथ्वी ते चंद्र एवढ्या अंतरात सावलीची रुंदी साधारण एका चंद्राएवढी घटते. पृथ्वीचा व्यास चंद्राच्या 3.67 पट. त्यातून एक वजा केला की 2.67 उरतात. चंद्रापाशी पृथ्वीची सावली चंद्राच्या अडीच ते पावणेतीन पट रुंद असते, ती अशी.

आता हाच हिशेब चंद्राच्या सावलीला लावू. एकातून एक गेला, उरलं जवळपास शून्य. म्हणजे चंद्राच्या सावलीचं टोक पृथ्वीपर्यंत जेमतेम पोचतं. पोचलं तर खग्रास सूर्यग्रहण. चंद्र जरा दूर असल्याने टोक अलीकडेच संपलं तर कंकणाकृती. दोन्हींच्या अवतीभवती हजारो किलोमीटरच्या परिसरात खंडग्रास. चंद्रग्रहणात कंकण कधीच का दिसत नाही, हेही इथेच कळतं : झाकणारी सावली चंद्रापेक्षा नेहमीच मोठी असते.

काकांच्या फोटोकडे वळू. मी तो मोठा करून मोजला. गोळ्याची त्रिज्या 150 पिक्सेल. दोन शिंगांच्या टोकांमधलं अंतर 280 पिक्सेल. ही जीवा धरली, तर अंधाराची कड तिच्यापासून मधोमध 26 पिक्सेल फुगलेली होती. जीवा c आणि फुगवटा s माहीत असला की वर्तुळाची त्रिज्या मिळते :

```
r = c²/(8s) + s/2
```

उत्तर आलं 390, म्हणजे गोळ्याच्या त्रिज्येच्या 2.6 पट. तो सूर्य असता आणि झाकणारा चंद्र असता, तर दोघे जवळपास सारखेच असल्याने तेवढ्याच जीवेवर फुगवटा 96 च्या आसपास हवा होता. सावलीची कड धूसर असते, त्यामुळे माझ्या मोजणीत दोन पिक्सेलची चूक धरली, तरी पट 2.4 ते 2.8 मध्येच राहते. एकपर्यंत ती येऊ शकत नाही. तो फोटो कुठल्यातरी चंद्रग्रहणाचा होता.

याच मोजणीतून शिंगांचा अर्थही उलगडतो. कड गोळ्याच्या केंद्रातून जात असेल, तर सूर्यग्रहणात शिंगाचा कोन 60 अंशांचा होतो आणि चंद्रग्रहणात सुमारे 79 अंशांचा. डोळ्यांनी पाहून ‘बोथट’ म्हणण्याइतका हा फरक आहे.

खंडग्रास अवस्थेचा एकच फोटो हाती असेल, तर ते ग्रहण दुसरीकडे खग्रास होतं की कंकणाकृती, हे सांगता येईल का? याचं उदाहरण आमच्या भागातलंच आहे. 22 जानेवारी 1898 च्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गावरून महाराष्ट्रात शिरली आणि ईशान्येकडे गेली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. जेऊरला पुण्याचे कावसजी नेगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माउंडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा दूरवर गेलेला झोत टिपला. पुलगावलाही एक तळ होता. खग्रास काळ दोनच मिनिटांचा आणि पट्टा शंभर किलोमीटरहून अरुंद. माझ्या ढोबळ हिशेबाने मध्यरेषा चोरखमाऱ्याच्या वायव्येला साठ-सत्तर किलोमीटरवरून गेली. म्हणजे गाव पट्ट्याच्या थोडं बाहेर राहिलं. इथे सूर्याची बारीक कोर उरली असणार आणि प्रभामंडल दिसलं नसणार.

त्या कोरेचा स्वच्छ फोटो असता, तर दोन्ही वर्तुळं मोजून चंद्र सूर्यापेक्षा सुमारे दोन टक्के मोठा आहे, हे कळलं असतं. 150 पिक्सेलच्या सूर्यावर तो 153 चा आला असता. म्हणजे इथे खंडग्रास दिसलेलं ग्रहण दुसरीकडे खग्रास होतं. 26 डिसेंबर 2019 चं ग्रहण केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती होतं; त्यात चंद्र 145 पिक्सेलच्या आसपास येतो. पण 21 जून 2020 ला, हरयाणात कंकण दिसलं त्या दिवशी, चंद्र सूर्यापेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का लहान होता. तो फरक एका पिक्सेलच्याही आत येतो. त्यातच फोटो जास्त उजळला गेला असेल, तर सूर्याची कोर आतल्या बाजूने सुजते, चंद्र खोटाच लहान दिसतो आणि खग्रास ग्रहणही कंकणाकृती वाटू लागतं. अशा वेळी फोटोवरून निकाल देऊ नये. तारीख आणि ठिकाण विचारावं.

काकांना मी दोन वर्तुळं काढून तोच फोटो परत पाठवला. बराच वेळाने त्यांनी लिहिलं, “मले तो कोणीतरी पाठवला होता. इथं तर सकाळपासून ढग आहेत.”