बेगमीची डाळ आणि बडोद्याचे दिवेल

गायकवाडी काळापासून बडोद्यात राहिलेल्या आमच्या मराठी घरांत भाषा टिकली, सण टिकले. पण वर्षाची बेगमी मात्र गेल्या दोन पिढ्यांत हळूहळू सुटली. डाळींच्या बेगमीचा इतिहास कुठल्या बखरीत सापडणार नाही. तो माळ्यावरच्या डब्यांत आणि अडगळीतल्या जात्यात आहे. म्हणून इथे फक्त तुरीच्या डाळीपुरते बोलू.

गुजरातच्या बाजारात मण म्हणजे आजही 20 किलो. रोज दीड पाव वरण-आमटीला लागणाऱ्या एकत्र कुटुंबाला वर्षाला सुमारे 135 किलो, म्हणजे जवळजवळ सात मण डाळ लागे. तुरीची चांगली भरड केली तर पाऊण हिस्सा डाळ उतरते. बाकी चुनी, साल आणि कणी. म्हणजे नऊ मण तूर घरात यायला हवी. जुन्या गृहिणी हा हिशेब बोटांवर करीत.

तूर अख्खी का घेत? एक कारण स्वस्ताईचे, आणि दुसरे किडीचे. कडधान्याचा भुंगा शेतातच शेंगेवर अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते आणि दाणा वरून निर्दोष दिसतो. गोणी बंद डब्यात ठेवली तरी उन्हाळ्यात महिनाभरात आतून भुंगे बाहेर पडतात, दाण्याला गोल भोक राहते, आणि माद्या पुन्हा उरलेल्या दाण्यांवर अंडी चिकटवतात. ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात. म्हणून ‘कीड बाहेरून आली’ ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. ती आपणच विकत आणलेली असते.

यावर उपाय म्हणजे भरड. तूर फाल्गुन-चैत्रात यायची, तेल किंवा पाणी लावून उन्हात सुकवायची, मग जात्यावर भरडायची. दाणा दुभंगला की आतली अळी उघडी पडते, उन्हाने मरते, सुपात पाखडली जाते. या भुंग्याला अख्खा दाणा हवा असतो. डाळीवर त्याची पिल्ले फारशी वाढत नाहीत. अख्खी मटकी, चवळी, वाल लवकर पोखरतात आणि डाळ तग धरते, त्याचे हे कारण.

पुढचे काम दिवेलचे. एरंडेलाला इथे दिवेल म्हणतात, आणि एरंडाच्या पिकात गुजरात देशात आघाडीवर. शेजारची गुजराती घरे गहूसुद्धा दिवेलने मोवून ठेवतात. आम्हीही तेच उचलले. प्रमाण एक किलो डाळीला एक छोटा चमचा. 20 किलोला साधारण 100 मिली. हातावर घेऊन चोळायचे, दाण्यादाण्याला पुसट थर बसेल इतकेच. तेलाच्या थराने अंडी गुदमरतात आणि नवी अंडीही नीट चिकटत नाहीत. शिजवण्याआधी गरम पाण्यात धुतले की वास जातो. शेंगदाण्याचे तेल मात्र वर्षभरात खवट होते.

आता चकाकीची गोष्ट. वासदची तूरडाळ या भागात प्रसिद्ध आहे आणि दुकानात तेलाची व कोरी अशी दोन्ही मिळते. तेलाची डाळ बोटांना किंचित चिकटते, रंगाने थोडी गडद दिसते. पॉलिशची डाळ वेगळी. गिरणीत घासून, पाणी-तेल लावून, आणि लबाडी असेल तर संगजिऱ्याची पूड वापरून ती काचेसारखी केलेली असते. कोरड्या तळव्यावर चोळून पाहावी. पांढरी पूड राहिली तर परत करावी. बिनपॉलिश डाळ पिठूळ, मंद पिवळी, कुठेकुठे सालाचे ठिपके असलेली. चवीला आणि शिजायला आम्हाला तीच आवडते. पण तिच्यात चुरा असतो, आणि त्या चुऱ्यात पोरकिडे वाढतात. म्हणून चाळून, दोन कडक उन्हे दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावी. गरम भरली तर झाकणाला वाफ धरते आणि बुरशी येते. दाताखाली दाणा कडकन तुटला, तर वाळली.

निंबाचा पाला अनेकजण घालतात. तो पूर्ण वाळलेला असावा. ओला घातला तर दमटपणा आणतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर पावसाळा काढू नये. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर काही घरांत अजून दिसतात. खाण्याच्या डाळीत त्यांना जागा नाही. गोदामात धान्याला धुरी देण्याच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचाही जीव घेतो.

आज चौघांच्या घराला महिन्याला दोन किलो डाळ पुरते. 24 किलो, 120 मिली दिवेल आणि वैशाखातल्या दोन सकाळी, एवढेच काम आहे. गच्ची नसेल तर सहा-सहा महिन्यांची दोनदा घ्यावी. दुसरी खेप दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर.