चार वर्षांखालचं बाळ कायद्याला कधी दिसलं?

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. "अगं, बाळाची दहा आठवड्यांची लस आहे. दवाखाना अडीच किलोमीटरवर. ह्यांच्या स्कूटरवर मागे मांडीवर घेऊन बसू का? कायदा काय म्हणतो?" मी म्हटलं, वाचून सांगते. वाचताना जे सापडलं ते तुमच्यासाठी लिहितेय, कारण नियमातल्या आकड्यांचा आणि मौनाचा अर्थ कसा लावायचा याचं हे छान उदाहरण आहे.

आपल्या घरांत स्कूटर आली ती 1960-70 च्या दशकांत. बजाजची चेतक 1972 ची. मोठं मूल पुढे पायाजवळ उभं, आई मागे एका बाजूला पाय सोडून, तान्हं मांडीवर: जुने अल्बम काढून बघा, हे चित्र सापडेलच. कायद्याला मात्र त्यातलं बाळ दिसत नव्हतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून जाळी सांगितली आहे. म्हणजे साडीच्या पदराचा विचार झाला होता, मांडीवरच्या बाळाचा नाही. 1988 च्या कायद्याचं कलम 128 चालकाखेरीज एकाच माणसाला बसू देतं, आणि तिथे वयाचा उल्लेखच नाही. शब्दशः वाचलं तर नवरा, बायको आणि बाळ म्हणजे ट्रिपल सीट!

बाळ कागदावर आलं ते 2019 च्या दुरुस्तीत, तेही सूट म्हणून. हेल्मेटचं कलम 129 'चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती'साठी झालं आणि त्याखालच्या मुलांसाठी केंद्राने वेगळे नियम करावेत अशी तरतूद आली. ते नियम फेब्रुवारी 2022 मध्ये निघाले आणि वर्षभराने लागू झाले. त्यात तीन गोष्टी आहेत: मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस, 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि ताशी 40 किमीची वेगमर्यादा.

आता यातले दोन आकडे नीट बघा.

पहिला 30 किलो. हार्नेसने एवढं वजन पेलावं असं नियम सांगतो. हे पुरेसं आहे का? सूत्र शाळेतलंच आहे:

F = mv²/2d

12 किलोचं मूल, वेग ताशी 40 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 11 मीटर, आणि धडकेत थांबायला अर्धा मीटर मिळाला असं धरू. बल येतं साधारण 1,480 न्यूटन, म्हणजे 150 किलोच्या वजनाएवढं. 30 कुठे, 150 कुठे! उलट नुसता जोरात ब्रेक मारला, तर त्याच मुलाला धरायला 7-8 किलोएवढाच जोर लागतो. म्हणजे डुलकी लागून मूल घसरू नये, ब्रेकला उडू नये, यासाठी हा हार्नेस आहे. धडकेत वाचवण्यासाठी तो आखलेलाच नाही. आकडा कशासाठी आहे हे न विचारता 'नियमाप्रमाणे सुरक्षित' असं लिहिलंत, तर तिथेच चूक होते.

दुसरा आकडा 9 महिने. त्याआधी हेल्मेटची सक्ती नाही, म्हणून ते लागत नाही असा अर्थ काढू नका. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं आणि मान अजून पक्की नसते. त्यावर हेल्मेटचं वजन ठेवलं तर मानेवरच ताण येतो. हार्नेसचंही तसंच. तो जाकिटासारखा घालून मुलाने ताठ बसावं लागतं, आणि दहा आठवड्यांचं बाळ बसतच नाही. तेव्हा नियमाचं मौन ही परवानगी नव्हे. या वयासाठी दुचाकीवर वापरता येईल असं साधनच नाही, एवढंच ते मौन सांगतं.

बहिणीच्या प्रश्नाचं गणितही केलं. बाळ 5 किलोचं, वेग ताशी 30, थांबायला तोच अर्धा मीटर. तिच्या हातांवर 35 किलोएवढा ओढा येईल, तोही ती स्वतः फेकली जात असताना. कुणाचेच हात ते धरून ठेवू शकत नाहीत. बाळाला पोटाशी झोळीत बांधलं तर ते सुटणार नाही, पण गाडी आडवी झाली की आईचं वजन त्याच्यावर येईल.

मग तिला पर्याय सांगितले. सगळ्यात चांगली म्हणजे मागच्या सीटवर बाळाची खुर्ची लावलेली कार, खुर्चीचं तोंड मागे. मांडीवर घेतलं तर कारमध्येही वरचंच गणित लागू होतं. ते जमत नसेल तर रिक्षा. तिची टक्करही वाईटच, पण तोल जाऊन आडवं पडण्याचा स्कूटरचा धोका तिथे बराच कमी. सीटच्या मधोमध बसायचं, उघड्या बाजूंपासून लांब, बाळ छातीशी आणि नाक-तोंड मोकळं. नवरा स्कूटरवर मागून येऊ शकतो. आणि फुटपाथ बरा असेल तर अडीच किलोमीटर चालत पाऊण तास.

ती रिक्षाने गेली. जाता-येता मिळून दीडशेच्या आत काम झालं. नंतर फोनवर म्हणाली, "पण आपल्या आयांनी आपल्याला असंच नेलं की!" खरंय. पण जी पोहोचली नाहीत, ती अल्बममध्ये दिसत नाहीत.